हाताने काढलेल्या सर्किटचा अस्पष्ट फोटो आणि प्रश्न एकच: "हे चालेल का?"

थोडंफार इलेक्ट्रॉनिक्स येतं असं चारचौघांना कळलं की मोबाइलवर असे फोटो येऊ लागतात. चौकटीच्या वहीचं पान, बॉलपेनने काढलेली आकृती, तिरपा फोटो, एका कोपऱ्यात अंगठ्याची सावली. खाली ओळ असते, "सर, हे चालेल का?" पॉलिटेक्निकच्या मुलांचे असे फोटो मी बरीच वर्षं तपासतो आहे. नव्याने तपासायला बसणारा माणूस बहुधा दोन टोकांपैकी एक गाठतो. एक तर "फोटो नीट दिसत नाही" म्हणून मोकळा होतो, नाहीतर अस्पष्ट जागा आपल्या मनाने भरून "हो, चालेल" म्हणून टाकतो. दुसरं टोक जास्त घातक आहे.

मधला रस्ता असा. जी खूण दोन प्रकारे वाचता येते ती दोन्ही प्रकारे वाचायची आणि उत्तर बदलतं का ते बघायचं. बदलत नसेल तर ती खूण स्पष्ट करून घ्यायची गरजच नाही. बदलत असेल तर तेवढंच विचारायचं. हे कसं करायचं ते एका उदाहरणावर शेवटपर्यंत दाखवतो.

उदाहरण एका मुलाने पाठवलेल्या फोटोचं आहे, आणि नेहमीचंच: अंधार पडला की अंगणातला दिवा आपोआप लावणारं सर्किट. १२ व्होल्टचा पुरवठा, एक एलडीआर, एक रेझिस्टर, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, रिले, रिलेवर डायोड आणि रिलेच्या कॉन्टॅक्टमधून २३० व्होल्टचा बल्ब. एलडीआर म्हणजे उजेडात रेझिस्टन्स कमी आणि अंधारात जास्त होणारा भाग.

जवळ काय हवं

- मूळ फोटो. चॅटमधून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.
- कोरा कागद, पेन्सिल आणि एक लाल पेन.
- वापरलेल्या भागांच्या डेटाशीट. इथे बीसी ५४७, रिले आणि एलडीआर.
- विचारणाऱ्याकडे मल्टीमीटर. तुमच्याकडे असून उपयोग नाही, मोजायचं त्याला आहे.

सिम्युलेटर लागतोच असं नाही. त्यात आकृती भरताना अस्पष्ट जागी काय आहे ते तुम्हालाच ठरवावं लागतं. म्हणजे खरा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच सुटलेला असतो, किंवा चुकलेला असतो.

१. आकृतीआधी हेतू विचारा

पहिला प्रश्न: "यातून काय व्हायला हवं?" दुसरा: "जोडून पाहिलंय की फक्त कागदावर आहे?" जोडून पाहिलं असेल आणि चालत नसेल तर "चालेल का" हा प्रश्न उरतच नाही. मग काय मोजलं ते विचारायचं.

त्याच वेळी फोटो पुन्हा मागवा. फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या उजेडात, पानाच्या बरोबर वरून काढलेला हवा. पानाच्या मागच्या बाजूचाही फोटो मागा. हे विचित्र वाटेल, पण पातळ वहीत मागच्या पानाची शाई पुढे उमटते, आणि दोन तारा जिथे छेदतात नेमका तिथेच असा ठिपका आला तर तुम्ही त्याला जोड समजता.

२. आकृती पुन्हा काढू नका, जोडांची यादी करा

फोटो बघून स्वच्छ आकृती काढायला घेतली की हात सवयीने ओळखीचं सर्किट काढतो. समोरच्याने काय काढलंय ते बाजूला राहतं. म्हणून आधी यादी करा. एकाच तारेने एकत्र आलेली सगळी टोकं म्हणजे एक जोड. आमच्या फोटोची यादी अशी झाली:

```
जोड अ : पुरवठ्याचे +, रेझिस्टरचे वरचे टोक, रिले कॉईल, डायोड
जोड ब : रेझिस्टरचे खालचे टोक, एलडीआर, ट्रान्झिस्टरचा बेस
जोड क : कॉईलचे दुसरे टोक, डायोडचे दुसरे टोक, कलेक्टर (?)
जोड ड : पुरवठ्याचे −, एलडीआरचे दुसरे टोक, एमिटर (?)
शंका  : बल्बची एक तार "ड" ला छेदते, ठिपका आहे की डाग?
```

जिथे खात्री नाही तिथे लाल पेनाने प्रश्नचिन्ह करा. यादी झाली की एक टोक कुठेच न लागलेले भाग आपोआप उघडे पडतात. हाताने काढलेल्या आकृत्यांत अशी लोंबकळणारी टोकं बरीच सापडतात, बहुतेक वेळा पुरवठ्याच्या वजा बाजूला.

३. प्रत्येक शंका दोन्ही बाजूंनी वाचा

आता लाल खुणा एकेक करून घेऊ.

*पुरवठ्याच्या दोन रेघा.* बॅटरीच्या खुणेत एक रेघ लांब आणि एक आखूड असते. कपॅसिटरच्या खुणेत दोन्ही सारख्या. हाताने काढताना हा फरक पुसला जातो. १२ व्होल्ट बॅटरीतून किंवा अडॅप्टरमधून येत असतील तर सर्किटची ही बाजू मेन्सपासून वेगळी आहे. पण त्या दोन रेघा २३० व्होल्टच्या तारेत ओळीने बसवलेला कपॅसिटर असतील तर तो ट्रान्सफॉर्मरशिवायचा पुरवठा आहे. स्वस्त एलईडी दिव्यांत असतो तसा. त्यात १२ व्होल्टची बाजूही थेट मेन्सला लागलेली असते, आणि एलडीआरच्या पायाला बोट लावलं तरी शॉक बसू शकतो. एकाच खुणेची दोन वाचनं, त्यातलं एक जीवघेणं. हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. फोटो पाठवणाऱ्या मुलाने जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असल्याचं सांगितलं, तेव्हा पुढे गेलो.

*छेदणाऱ्या तारा.* ठिपका असेल तर जोड, नसेल तर एक तार दुसरीवरून गेलेली. फोटोत ते ठरत नसेल तर दोन्ही धरून बघा. इथे बल्बकडून येणारी तार १२ व्होल्टच्या वजा तारेला छेदत होती. जोड नसेल तर काहीच अडचण नाही. जोड असेल तर मेन्सची तार अडॅप्टरच्या वजा बाजूला लागली, म्हणजे कपॅसिटरच्या पुरवठ्यासारखीच परिस्थिती. काढणाऱ्याच्या मनात जोड नसणार, हे मला दिसत होतंच. पण त्या आकृतीवरून जोडणी करणारा त्याचा मित्र ठिपका बघून तार जोडेल, म्हणून ती जागा बदलून घ्यायची. चार तारा एका बिंदूत येणारी जागा दिसली की ती थोडी सरकवून दोन टी जोडांत काढायला सांगा. मग ठिपका पुसला तरी अर्थ बदलत नाही.

*ट्रान्झिस्टरचा बाण.* फोटोत बाणाचं टोक पसरलेलं होतं. बाजूला "547" वाचता येत होतं, म्हणजे एनपीएन हे नक्की. इथे बरेच जण थांबतात. पण नंबरावरून प्रकार कळतो, दिशा कळत नाही. बाण असलेला पाय एमिटर, आणि तो वजा तारेकडे हवा. उलटा बसला तर ट्रान्झिस्टरची करंट वाढवण्याची ताकद फारच कमी होते. शिवाय बीसी ५४७ चा एमिटर-बेस जोड उलट्या दिशेने ६ व्होल्टपर्यंतच सोसतो, आणि इथे त्याच्यावर १२ येतील. म्हणजे हाही प्रश्न विचारावा लागला.

त्यातच एक पोटप्रश्न येतो. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. प्लॅस्टिकच्या २एन३९०४ मध्ये क्रम उलटा, एमिटर, बेस, कलेक्टर. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने "ते नाही, हे घ्या, सेमच आहे" म्हणून दुसरा नंबर दिला असेल तर कागद बरोबर आणि बोर्ड चूक अशी गत होते. म्हणून हातात नेमका कोणता नंबर आहे ते विचारा.

*डायोडची पट्टी.* कॉईलवरच्या ४००७ ची पट्टी अधिक बाजूला हवी. उलट बसला तर ट्रान्झिस्टर चालू होताच करंट कॉईल सोडून डायोडमधून जातो आणि ट्रान्झिस्टरचा बळी जातो. फोटोत त्रिकोणाचं टोक कळत नसेल तर खुणेबद्दल वाद घालू नका. "चंदेरी पट्टी प्लसकडे आहे ना?" एवढंच विचारा.

*गोल आणि आत फुली.* फुली असेल तर बल्ब. पण आतलं अक्षर "M" असेल तर मोटर, आणि मग निकाल बदलतो. रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं आणि ९ वॉटचा बल्ब त्याला काहीच नाही. एक एचपीची पाण्याची मोटर मात्र चालताना साधारण ७ अँपिअर आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट घेते. छोट्या रिलेचे कॉन्टॅक्ट त्यात चिकटून बसतात, आणि कॉईल बंद झाली तरी मोटर चालूच राहते. इथे बल्ब होता, म्हणून प्रश्न मिटला.

४. दोन शंका एकत्र तपासा

रिलेचा कॉन्टॅक्ट एनओ, म्हणजे रिले ओढल्यावर जुळणारा, आहे की एनसी, म्हणजे रिले ओढल्यावर सुटणारा, ते फोटोत कळत नव्हतं. आकृतीत रेझिस्टर वर आणि एलडीआर खाली आहे, म्हणजे अंधारात एलडीआरचा रेझिस्टन्स वाढतो, बेसला करंट मिळतो आणि रिले ओढतो. तेव्हा बल्ब लागायला एनओ हवा. एनसी घेतला तर दिवा दिवसभर जळेल आणि रात्री विझेल.

पण एलडीआर वर आणि रेझिस्टर खाली असता, तर एनसीच बरोबर ठरला असता. दोन उलटे मिळून सुलटं होतं. म्हणून "कॉन्टॅक्ट एनसी आहे, चूक" असं सुटं विधान करू नका. उजेड, बेस, रिले, कॉन्टॅक्ट, दिवा ही साखळी एकदा दिवसासाठी आणि एकदा रात्रीसाठी सलग म्हणून बघा. दोन मिनिटं लागतात.

५. आकडा वाचता येत नाही? दोन्ही आकडे घालून गणित करा

आमच्या फोटोतली सगळ्यात रंजक जागा रेझिस्टरच्या किमतीची होती. "१०", मग वहीची घडी, मग "के". घडीत आणखी एक शून्य आहे की नाही ते कळत नव्हतं. १० के की १०० के? लगेच विचारायचा मोह होतो. त्याआधी गणित करू.

आधी रिलेला काय लागतं ते बघू. १२ व्होल्टच्या नेहमीच्या चौकोनी छोट्या रिलेची कॉईल साधारण ४०० ओहमची असते, म्हणजे ३० मिलिअँपिअर. बीसी ५४७ ची कमाल मर्यादा १०० मिलिअँपिअर, म्हणजे तिथे ठीक. आता ट्रान्झिस्टर बेसच्या करंटला किती पटीने वाढवतो ते बघायचं. बीसी ५४७ चे तीन गट येतात आणि डेटाशीटमध्ये ए गटाला किमान ११०, बीला २००, सीला ४२० पट दिलेली असते.

१० के धरू. अंधारात बेसला (१२ − ०.७) भागिले १० के, म्हणजे साधारण १.१ मिलिअँपिअर. ए गट धरला तरी ११० पटीने १२० होतात, लागतात ३०. रिले खाडकन ओढेल. पण उजेडात तो सुटेल का? ट्रान्झिस्टर बंद व्हायला बेसवर ०.६ व्होल्टपेक्षा कमी यायला हवेत. त्यासाठी एलडीआर सुमारे ५३० ओहमच्या खाली गेला पाहिजे. नेहमीचा ५ मिलिमीटरचा एलडीआर रखरखीत उन्हात तिथे जाईल, घरातल्या उजेडात नाही. म्हणजे ढगाळ दिवशी दिवा जळतच राहील, आणि टेबलावर तपासताना तर तो बंदच होणार नाही.

आता १०० के. उजेडाची बाजू सुधारली: एलडीआर ५ केच्या आसपास आला की ट्रान्झिस्टर बंद. पण अंधारात बेसला फक्त ०.११ मिलिअँपिअर मिळतात. ए गटात त्याचे १२ होतात, रिले ओढणार नाही. सी गटात ४७ होतात, ओढेल. बी गटात नशीब: ज्या नगाची पट २६५ च्या वर तो ओढेल, बाकीचे नाहीत. एकाच वर्गात एकाचं सर्किट चालतं आणि शेजाऱ्याचं तसंच्या तसं उतरवलेलं चालत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. मग दोघं मिळून सोल्डरिंग उकरत बसतात.

म्हणजे घडीत काहीही असो, उत्तर एकच: हे सर्किट भरवशाने चालणार नाही. कारणं मात्र वेगवेगळी. ४७ के टाकून मधला मार्ग काढता येतो का? ए गटात २६ मिलिअँपिअर येतात, म्हणजे पुन्हा काठावर. एका ट्रान्झिस्टरच्या या मांडणीत उजेडाची बाजू आणि रिलेची बाजू एकमेकींशी भांडतात.

उपाय अगदी स्वस्त आहे. दुसरा बीसी ५४७ घ्या. पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला जोडा, दोघांचे कलेक्टर एकत्र करा, दुसऱ्याचा एमिटर वजा तारेला. ही डार्लिंग्टन जोडी. दोघांच्या पटींचा जवळजवळ गुणाकार होत असल्याने १०० केमधून येणारा थेंबभर करंटही रिलेला पुरतो. बेसची पातळी दुप्पट होते, म्हणून एलडीआर ११ केच्या आसपास असताना दिवा लागायला सुरुवात होईल, म्हणजे दिवेलागणीला. हवं तर १०० केच्या जागी ४७ के आणि त्याच्या ओळीत २२० केचा प्रीसेट घाला, वेळ जुळवता येते.

६. जे कागदावर नाही तेही विचारा

एलडीआर कुठे बसणार? आकृतीत जागा दाखवत नाहीत. लागलेल्या दिव्याचा उजेड एलडीआरवर पडला तर दिवा विझतो, अंधार होतो, पुन्हा लागतो, आणि रिले टकटक करत बसतो. सर्किट बरोबर असूनही "चालत नाही" म्हणून परत येण्याचं हे नेहमीचं कारण. एलडीआर दिव्याच्या मागे किंवा छोट्या नळीत बसवायला सांगा. सांजेच्या हलत्या उजेडात होणारी थोडी टकटक पहिल्या बेसपासून वजा तारेपर्यंत १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून कमी होते. त्याची वजा पट्टी वजा तारेकडे.

७. उत्तर कसं लिहायचं

नुसतं "हो" किंवा "नाही" लिहू नका. काय गृहीत धरलं ते उत्तरातच असू द्या, म्हणजे गृहीत चुकलं असेल तर समोरचा तिथेच बोट ठेवेल. मी त्या मुलाला असं लिहिलं:

"बाण असलेला पाय वजा तारेकडे आहे, डायोडची पट्टी प्लसकडे आहे आणि कॉन्टॅक्ट एनओ आहे असं धरलं. तसं नसेल तर आधी सांग. रेझिस्टर १० के असेल तर दिवा दिवसा विझणार नाही, १०० के असेल तर रिले ओढेल याची खात्री नाही. १०० के ठेव आणि दुसरा ५४७ डार्लिंग्टन पद्धतीने जोड. बल्बची तार वजा तारेवरून जाते तिथला ठिपका खोड आणि ती तार दुसरीकडून ने. मेन्स अजून लावू नकोस. बल्बच्या जागी काही नको, फक्त रिलेचा आवाज ऐक."

मेन्सच्या बाजूला फोटो बघून "चालेल" असं मी कधीच लिहीत नाही. तिथे वायर किती जाड आहे, टर्मिनल झाकलेलं आहे का, रिलेच्या पायांमध्ये बोर्डवर किती अंतर आहे, यातलं काहीच आकृतीत नसतं. घरातल्या वायरिंगच्या माणसाला समोर बसवून तो भाग करायचा.

८. मोजायला काय सांगायचं

जोडणी झाल्यावर फक्त १२ व्होल्टवर दोन मोजमापं मागा, दोन्ही वजा तारेपासून. एक एकत्र केलेल्या कलेक्टरवर, दुसरं पहिल्या बेसवर. प्रत्येक मोजमाप एकदा उजेडात आणि एकदा एलडीआरवर काळं टोपण ठेवून.

उजेडात कलेक्टरवर १२ आणि अंधारात १ व्होल्टच्या आत आले तर सर्किट बरोबर. अंधारातही १२ च राहिले तर बेस बघा: तिथे १.३ च्या आसपास असतील तर पायांचा क्रम चुकला आहे किंवा कलेक्टरची जोडणी सुटली आहे, आणि तिथे शून्य असेल तर रेझिस्टर लागलेलाच नाही किंवा एलडीआर शॉर्ट आहे. बेसवर १.३ पेक्षा बरेच जास्त व्होल्ट दिसले तर दोनपैकी एका ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जोड उघडा पडला आहे, किंवा एमिटर वजा तारेला पोहोचलेलाच नाही. कलेक्टरवर ५-६ व्होल्ट अडकून राहिले तर ट्रान्झिस्टर अर्धवट चालू आहे. टोपण नीट बसलंय का ते आधी बघायला सांगा, कारण पारदर्शक टोपण ठेवून "अंधार केला" म्हणणारेही भेटतात.